नवा जॉब लावताना G54 आणि टूल लेंथ: घाई न करता, एकेक आकडा समजून

आयटीआय करून जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत व्हीएमसीवर लागलेला पोरगा पहिले सहा महिने लावलेलाच जॉब चालवतो. मग एक दिवस सेटर सुट्टीवर जातो, मालक नवी ड्रॉइंग हातात देतात आणि म्हणतात, "लाव भो तू." प्रोग्राम तयार असतो, टूल तयार असतात. अडतं ते ऑफसेटच्या पानावर. कुठला आकडा कुठे भरायचा, त्याचं चिन्ह काय, आणि चुकलं तर टूल वर राहणार की खाली घुसणार, हे कोणी बसून समजावलेलं नसतं. मलाही नव्हतं. ते इथे एका खऱ्या जॉबवर लिहितो.

जॉब डाळमिलच्या बेअरिंगखाली बसणाऱ्या प्लेटचा. माइल्ड स्टील, तयार माप १५० × १०० × ३० मिमी, कच्ची प्लेट ३२ जाडीची. वरून फेसिंग, मधे ८ मिमी खोल पॉकेट आणि चार एम १० टॅप. कंट्रोल फॅनुक धरलाय. दुसऱ्या कंट्रोलवर बटणांची नावं बदलतील, हिशेब बदलणार नाही.

## १. आधी हा एक हिशेब डोक्यात बसवा

मशीनला तुमचा जॉब दिसत नाही. तिला स्वतःचा होम पॉइंट कळतो आणि तिथून किती खाली जायचं ते कळतं. G43 चालू असताना स्पिंडल कुठे जाऊन थांबणार, ते या बेरजेवरून ठरतं:

```
MACHINE Z = EXT Z + G54 Z + H + PROGRAM Z
```

चार आकडे, एक बेरीज. टूल लेंथ लावायच्या चार-पाच पद्धती तुम्हाला चार-पाच सेटर सांगतील आणि सगळे आपलीच बरोबर म्हणतील. सगळ्या बरोबरच असतात. कोणी G54 चा Z शून्य ठेवून पूर्ण अंतर H मध्ये भरतो, कोणी G54 मध्ये जॉबची उंची आणि H मध्ये टूलची लांबी भरतो. बेरीज तीच येते. घात होतो तो दोन पद्धती मिसळल्या की. दिवसपाळीवाल्याने G54 Z मध्ये अंतर भरलेलं असतं आणि रात्रपाळीवाला तेच अंतर पुन्हा H मध्ये भरतो. तेव्हा मशीनवर आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: "इथे Z चं अंतर कुठे भरतात?"

मी मास्टर टूलची पद्धत वापरतो आणि पुढे तीच सांगतो. H चा आकडा टूलसोबत कायम राहतो, जॉब बदलला की G54 बदलायचा, एवढंच.

## २. टेबलावर काय काय हवं

कागद: ड्रॉइंग, प्रोग्रामची प्रिंट, टूल लिस्ट आणि एक सेटअप शीट. छापील नसली तर वही चालेल, पण पेनाने लिहायचं. हत्यारं: लिव्हर डायल, १० मिमीचा एज फाइंडर, ५० मिमीचा डायलवाला Z सेटर, पॅरलल, स्टॉपर, स्टीलची स्केल, मऊ हातोडा. आणि मास्टर.

मास्टर म्हणजे एका कोलेट होल्डरमध्ये कायमची पकडलेली ग्राइंड केलेली पिन. तिने कधी कापायचं नाही. माझी स्पिंडलच्या तोंडापासून साधारण २०० मिमी बाहेर येते. ती मशीनवरच्या सगळ्या टूलपेक्षा लांब असावी, याचं कारण चौथ्या पायरीत येईल. पिन आणि कोलेट नट यांच्यावरून ऑइल पेंटची एक आडवी रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली तर पिन सरकली असं समजा. मग सगळे H नव्याने घ्यावे लागतात.

सुरू करण्याआधी स्पिंडल १५-२० मिनिटं रिकामा फिरवा. थंड स्पिंडलवर घेतलेला Z दुपारपर्यंत मिमीच्या शंभरातल्या दोन-तीन भागांनी सरकलेला मी पाहिलाय, आणि जळगावच्या मे महिन्यात तर शेडमध्येच पारा चाळिशी ओलांडतो.

## ३. व्हाइस आणि X, Y

व्हाइसच्या फिक्स जॉवर डायल फिरवा. १५० मिमी लांबीत काटा ०.०२ च्या आत राहिला पाहिजे. पॅरलल आणि व्हाइसचा तळ कापडाने पुसा, मग बोटाने पुसा. बोटाला कापडापेक्षा जास्त कळतं. जॉब ठेवा, आवळा, हातोड्याने बसवा आणि दोन्ही पॅरलल हाताने हलवून पाहा. एक जरी हलला तर जॉब बसलेला नाही.

आता शून्य कुठे घ्यायचं? नवशिका सरळ पुढच्या, म्हणजे आपल्याकडच्या कडेवर एज फाइंडर लावतो, कारण तिथे हात पोचतो. पण आमच्या व्हाइसचा फिक्स जॉ मागे आहे. पुढची कडा हलत्या जॉकडे येते. कच्च्या प्लेटा बँडसॉवर कापून येतात, एखादी १०१ ची असते, एखादी १००.४ ची. फिक्स जॉकडची कडा दर प्लेटला तिथेच बसते आणि रुंदीतला फरक पुढच्या बाजूला जातो. शून्य पुढे घेतलं तर पहिला पीस बरोबर येईल आणि सातव्या पीसची भोकं अर्धा मिमी सरकलेली सापडतील, तीही इन्स्पेक्शनला. म्हणून Y मागच्या कडेवर, X डावीकडे स्टॉपरच्या बाजूला. प्रोग्रामचं शून्यही त्याच कोपऱ्यात आहे का, ते प्रिंटवर बघून घ्या. या जॉबमध्ये X चे आकडे अधिक आणि Y चे वजा असले पाहिजेत.

एज फाइंडर ५०० आरपीएमच्या आसपास फिरवा. कडेजवळ आल्यावर हँडव्हील x10 वर घ्या. टोक थरथरत थरथरत एका रेषेत येतं आणि मग एकदम बाजूला उडी मारतं. ती उडी म्हणजे टच. मागे घेऊन पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळचे आकडे ०.०१ च्या आत जुळले पाहिजेत.

डाव्या कडेला बाहेरून टच झाला तेव्हा मशीन X होता -385.260. टोकाचा व्यास १०, त्यामुळे स्पिंडलचं केंद्र कडेच्या ५ मिमी डावीकडे आहे. जॉबच्या भाषेत ते आत्ता X-5 वर उभं आहे. G54 च्या पानावर X वर कर्सर नेऊन `X-5.` टाइप करा आणि [MEASUR] दाबा. G54 X मध्ये -380.260 आलं पाहिजे. Y मागच्या कडेला मागून टच केला, म्हणजे केंद्र जॉबच्या पलीकडे, Y+5 वर. मशीन Y होता -150.640. `Y5.` आणि [MEASUR] केल्यावर -155.640 यायला हवं.

इथे चिन्ह चुकलं तर जॉब बरोबर १० मिमी सरकतो, आणि दहा मिमी डोळ्याला दिसतात. म्हणून Z होमवर ठेवून एमडीआयमध्ये हे चालवा आणि वरून बघा. स्पिंडल कोपऱ्यावर उभा दिसला पाहिजे.

```
G90 G54 G0 X0 Y0
```

पानाच्या सुरुवातीला 00 (EXT) लिहिलेला रकाना असतो. तिथे X, Y, Z तिन्ही शून्य आहेत ना, ते आत्ताच बघा. तिथला आकडा G54 पासून G59 पर्यंत सगळ्यांत मिसळतो आणि नव्या माणसाचं तिकडे लक्षच जात नाही.

## ४. मास्टर लावा आणि G54 Z भरा

मास्टर स्पिंडलमध्ये लावा. RESET दाबा आणि एमडीआयमध्ये G49 देऊन जुनी लेंथ कॉम्पेन्सेशन काढून टाका. ती चालू राहिली तर पुढचा हिशेब बिघडतो. Z सेटर जॉबच्या वर ठेवा. कच्च्या प्लेटवर पपडी असेल तर त्या जागी आधी फाइल मारा. मास्टर हँडव्हीलने खाली आणा आणि सेटरचा काटा शून्यावर आणा. स्क्रीनवर बघा: मशीन Z -270.420.

आता कागदावर करा. सेटर ५० चा, म्हणजे कच्च्या प्लेटचा माथा आणखी ५० खाली: -320.420. `Z50.` टाइप करून [MEASUR] दाबलं तरी हेच येईल, पण हाताने केलेला हिशेब जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या प्रोग्राममध्ये Z0 म्हणजे फेसिंग झालेला माथा आणि या बाजूने १ मिमी काढायचा आहे. म्हणून -1.000 [+INPUT] ने मिळवा. G54 Z झाला -321.420.

[INPUT] आणि [+INPUT] यांतला फरक इथेच पक्का करा. [INPUT] जुना आकडा पुसून नवा बसवतो. [+INPUT] जुन्यात मिळवतो.

मास्टर सगळ्यांत लांब का, ते याच बटणाने मला शिकवलं. आधी जिथे कामाला होतो तिथे आम्ही मधल्याच लांबीचं एक टूल मास्टर धरायचो. ड्रिल त्याच्याहून लांब, म्हणून ड्रिलचा H अधिक होता, अडतीस-एकोणचाळीस मिमी. भोक थोडं उथळ आलं म्हणून मी -0.05 टाइप केलं आणि [INPUT] दाबलं. अडतीस मिमीची जागा -0.05 ने घेतली. पुढच्या सायकलला ड्रिल रॅपिडमध्ये प्लेट फोडून पॅरललवर गेला. आवाज एवढा झाला की शेजारच्या लेथवरचे आप्पा धावत आले. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग मशीन. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी सांगितलं, "मास्टर लांब घे. मग प्रत्येक टूलचा H वजा येईल. H पुसला गेला, शून्य राहिला, G43 विसरला, काहीही झालं तरी टूल वरच राहील." तेव्हापासून माझा मास्टर सगळ्यांत लांब आहे. अशा चुका आता हवेत कापून लक्षात येतात.

एक गोष्ट मात्र यानेही थांबत नाही: आखूड टूलचा H लांब टूलला लागणं. ते पाचव्या आणि सहाव्या पायरीत धरायचं.

## ५. प्रत्येक टूलचा H

सेटर जागचा हलवू नका. आपल्याला फक्त मास्टर आणि टूल यांच्यातला फरक मोजायचा आहे, त्यामुळे सेटर जॉबवर असो की व्हाइसवर, चालतं. दोन्ही टच एकाच जागी झाले पाहिजेत.

ड्रिल, T3, त्याच सेटरवर काटा शून्य करताना मशीन Z आला -312.145. फरक:

```
-312.145 - (-270.420) = -41.725   →  H3
```

फेस मिल, T1, आखूड, ती -372.560 ला टच झाली, म्हणून H1 आला -102.140. मनात ताळा लावा: फेस मिल मास्टरपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर आखूड दिसते का? दिसते. आकडा आणि डोळा जुळले नाहीत तर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बरेच जण मास्टरवर रिलेटिव्ह Z शून्य करून थेट फरक वाचतात. सोपं पडतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि मशीन बंद होऊन चालू झाली की ते रिलेटिव्ह शून्य भरवशाचं राहत नाही. मी म्हणून मास्टरचा मशीन Z वहीत लिहितो. वहीत -270.420 असलं की लाईट आल्यावर होम करून पुढच्या टूलपासून काम सुरू होतं. सेटर मधेच हलला असेल तर मात्र मास्टर पुन्हा टच करा.

फेस मिलला सेटरवर इन्सर्टचं टोक टेकवा, बॉडी नाही. स्पिंडल हाताने फिरवून सगळ्यांत खालची इन्सर्ट शोधा. ड्रिलचा H टोकावर घेतला जातो, म्हणजे पूर्ण व्यास त्याच्या वर सुरू होतो. ११८ अंशाच्या ड्रिलला टोकाची उंची व्यासाच्या सुमारे ०.३ पट असते. ८.५ च्या ड्रिलला ती अडीच मिमी झाली. फेसिंगनंतर प्लेट ३१ जाडीची उरते. आरपार भोकाला Z-31 दिलं तर खालून पूर्ण भोक उघडणार नाही, Z-35 लागेल. आणि मग त्या भोकाखाली पॅरलल तर नाही ना, हेही बघायचं.

आकडे भरताना GEOM(H) च्या रकान्यात भरा. शेजारचा WEAR(H) शून्य करा. मागच्या जॉबचा वेअर तिथे राहिलेला असतो. दशांशाचा टिंब नेहमी द्या. सेटिंगनुसार नुसतं 50 म्हणजे ०.०५० मिमी धरलं जाऊ शकतं.

## ६. जॉबला हात लावण्याआधीची तपासणी

प्रोग्रामच्या प्रिंटवर पेन घेऊन बसा आणि प्रत्येक T खाली तोच H आहे का ते खूण करत जा.

```
T3 M6
G90 G54 G0 X20. Y-20.
S750 M3
G43 Z100. H3
```

जुना प्रोग्राम कॉपी करून केलेला असेल तर T3 खाली H1 राहिलेला सापडतो. इथे तसं असतं तर ड्रिल किती खाली गेला असता? १०२.१४० वजा ४१.७२५, म्हणजे सहा सेंटिमीटर. वर सांगितलेला धोका तो हाच.

मग प्रत्येक टूल एकदा Z100 ला उभं करून बघा. सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड सगळ्यांत कमी, अंगठा फीड होल्डवर. हे एमडीआयमध्ये करा, स्पिंडल बंद ठेवून, टूल जॉबवर येईल असा X, Y देऊन. ड्रिल थांबल्यावर मशीन Z असायला हवा:

```
0 + (-321.420) + (-41.725) + 100 = -263.145
```

स्क्रीन जुळली की जॉबवर स्केल उभी धरा. टोक ९९ वर दिसलं पाहिजे, १०० वर नाही, कारण कच्चा माथा तयार माथ्यापेक्षा १ मिमी वर आहे. हा एक मिमी तुम्हाला समजला असेल तर ऑफसेट समजले. फेस मिलसाठी हाच हिशेब -323.560 देतो. पाच टूलना दहा मिनिटं लागतात.

पहिला पीस चालवताना प्रत्येक टूलची पहिली उतरणी सिंगल ब्लॉकमध्ये करा. टूल जॉबच्या वर बोटभर आलं की फीड होल्ड दाबा आणि स्क्रीनवर DISTANCE TO GO बघा. तिथे 40 उरलेत आणि डोळ्याला खाली २० च मिमी दिसताहेत, तर पुढे जायचं नाही. काही जण EXT Z मध्ये 50 भरून आख्खा प्रोग्राम हवेत चालवतात. चांगली सवय आहे, फक्त नंतर तो 50 काढल्याची नोंद वहीत करा.

## ७. माप चुकलं तर कुठे हात घालायचा

पहिला पीस काढला. पॉकेट ८.०० ऐवजी ७.९६ खोल आलं. लगेच G54 ला हात लावू नका. आधी बाकीच्या टूलची खोली बघा. सगळ्याच टूलची खोली सारख्याच फरकाने चुकली असेल तर चूक फेस मिलच्या H1 मध्ये आहे, कारण खोली तिने कापलेल्या माथ्यापासून मोजतो. खोल्या बरोबर आणि प्लेटची जाडी चुकली असेल तर G54 Z बघा. फक्त एंडमिल, T5, चुकली असेल तर तिच्या H5 मध्ये आहे, आणि तिथे WEAR(H) मध्ये -0.04 [+INPUT] करायचं. खोल जायचंय म्हणजे वजा. GEOM ला हात लावायचा नाही. सगळी भोकं एकाच दिशेला सारखी सरकली असतील तर G54 चा X किंवा Y बघा. पीसागणिक वेगळी सरकत असतील तर ऑफसेट सोडा आणि व्हाइस, स्टॉपर, पॅरललखालचा चिप शोधा.

दुसरी बाजू लावायची वेळ आली की या पद्धतीचा फायदा कळतो. प्लेट उलटी केली, माथ्याची उंची बदलली, पण टूल तीच आहेत. एकाही H ला हात लावायचा नाही. मास्टर लावा, सेटर ठेवा, G54 Z नवा घ्या, या बाजूचा १ मिमी वजा करा आणि X, Y एकदा बघून घ्या. इन्सर्ट बदलली किंवा ड्रिलला धार लावली तर तेवढ्याच टूलचा H पुन्हा घ्यायचा.

सेटअप शीटवर शेवटी हे लिहून ठेवा: तारीख, G54 चे तिन्ही आकडे, मास्टरचा टच कुठे आला, पाचही H, कुठला वेअर दिला, आणि शून्य कोणत्या कोपऱ्यात आहे त्याचं हाताने काढलेलं छोटं चित्र. ती शीट मशीनच्या दारावर चिकटवा. रात्रपाळीला येणारा भाऊ तुम्हाला फोन न करता टूल बदलू शकेल.